हिमोग्रामच्या तळाशी लिहिलेली ओळ: लेफ्ट शिफ्ट, टॉक्सिक ग्रॅन्युलेशन आणि आऊअर रॉड

पावसाळ्यात पुण्यात कुणाला ताप आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिमोग्राम होतो. संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि घरातले सगळे आधी प्लेटलेटचा आकडा शोधतात. डेंगीच्या दिवसांत ते साहजिकच आहे. पण त्याच रिपोर्टच्या तळाशी ‘पेरिफेरल स्मिअर’ या नावाखाली एक-दोन ओळी शब्दांत लिहिलेल्या असतात. वरचे आकडे मशीन मोजतं. या ओळी मात्र कुणीतरी रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या असतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि अशा काचा पाहणं हेच माझं रोजचं काम आहे. त्या ओळींत येणाऱ्या तीन शब्दप्रयोगांबद्दल इथे लिहितो आहे. लेफ्ट शिफ्ट आणि टॉक्सिक ग्रॅन्युलेशन हे दोन वरचेवर दिसतात. आऊअर रॉड क्वचितच दिसतो, पण तो दिसला तर त्या रुग्णाचं पुढचं सगळं त्याच दिवशी बदलायला हवं.

तिन्ही गोष्टी एकाच जातीच्या पेशींमधल्या आहेत. त्यामुळे आधी ती पेशी कशी तयार होते ते पाहू. एवढं नीट कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

न्यूट्रोफिल आणि त्याचे दाणे

आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये निम्म्याहून जास्त असतात त्या न्यूट्रोफिल. जंतू गिळून मारणं हे त्यांचं मुख्य काम. त्या हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये तयार होतात. सुरुवात होते मायलोब्लास्टपासून. ही मोठी पेशी असते, तिचं केंद्रक गोल आणि मऊ, जाळीदार दिसतं, आणि भोवतालचा द्रवाचा भाग अगदी थोडा असतो. तिच्यापासून प्रोमायलोसाइट होतो. या टप्प्यावर पेशीत जांभळट-लाल, ठसठशीत दाणे तयार होतात. त्यांना प्राथमिक दाणे म्हणतात, आणि मायलोपेरॉक्सिडेज नावाचं जंतुनाशक एन्झाइम त्यांच्यातच साठवलेलं असतं. हे दाणे लक्षात ठेवा. पुढे दोनदा आपल्याला त्यांच्याकडेच यायचं आहे.

पुढच्या टप्प्यावर, मायलोसाइटमध्ये, प्राथमिक दाणे बनणं थांबतं आणि बारीक, फिकट गुलाबी असे दुसऱ्या प्रकारचे दाणे बनू लागतात. पेशी विभागत जाते तसे जुने दाणे नव्या पेशींमध्ये वाटले जातात आणि त्यांची रंग धरण्याची ताकदही कमी होते. मग केंद्रकाला खाच पडते, तो मेटामायलोसाइट. खाच खोल होऊन केंद्रक वाकलेल्या पट्टीसारखं झालं की ती बँड पेशी. त्या पट्टीचे बारीक धाग्यांनी जोडलेले दोन ते पाच तुकडे दिसू लागले की न्यूट्रोफिल परिपक्व झाला. ब्लास्टपासून इथवर साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर रक्तात तो जेमतेम काही तास राहतो आणि ऊतींमध्ये निघून जातो. मॅरोमध्ये मात्र तयार आणि जवळजवळ तयार न्यूट्रोफिलांचा मोठा साठा असतो, रक्तात असतात त्याच्या कितीतरी पट.

निरोगी माणसाच्या काचेवर परिपक्व न्यूट्रोफिल दिसतात आणि शंभर पांढऱ्या पेशींमागे फार तर चार-पाच बँड. मेटामायलोसाइट आणि त्याआधीच्या पेशी मॅरोतच थांबतात.

लेफ्ट शिफ्ट: घाई झाली आहे

पंगतीला अचानक दुप्पट माणसं आली की तव्यावरची पोळी पूर्ण भाजायच्या आतच ताटात जाऊ लागते. शरीरात कुठेतरी जंतूंनी जोर धरला, तिथे न्यूट्रोफिलांची मागणी वाढली, तर मॅरोचंही असंच होतं. परिपक्व साठा आधी बाहेर पडतो. तो पुरेनासा झाला की बँड पेशी येतात, मग मेटामायलोसाइट, आणि मागणी फारच असेल तर मायलोसाइटही. काचेवर कच्च्या पेशींचं प्रमाण असं वाढलेलं दिसलं की आम्ही ‘लेफ्ट शिफ्ट’ लिहितो. डावी बाजू आली कुठून? १९०४ मध्ये योसेफ आर्नेट या जर्मन डॉक्टरांनी न्यूट्रोफिलांच्या केंद्रकाचे तुकडे मोजून तक्ता मांडला. त्यात कमी वयाच्या पेशी डावीकडे होत्या. पुढे सगळ्यांनी तीच मांडणी उचलली.

उदाहरण घेऊ. समजा हडपसरचे बासष्ट वर्षांचे एक काका आहेत. चार दिवस ताप, खोकला, उजव्या बरगडीखाली दुखतंय. हिमोग्राममध्ये एकूण पांढऱ्या पेशी २२,४००. काचेवर शंभर पेशी मोजल्या तर परिपक्व न्यूट्रोफिल ६२, बँड १८, मेटामायलोसाइट ५, मायलोसाइट २, पांढऱ्या पेशींच्या इतर जातींपैकी लिम्फोसाइट ९, मोनोसाइट ४, आणि इओसिनोफिल एकही नाही.

या आकड्यांचा क्रम पाहा. बासष्ट, अठरा, पाच, दोन. पेशी जितकी कच्ची, तितकी संख्येने कमी. प्रत्येक टप्प्यावरचं कुणी ना कुणी हजर आहे आणि मध्ये कुठेही खंड नाही. मॅरोची घडण शाबूत आहे, फक्त तिला घाई झाली आहे, हे या उतरत्या क्रमावरून कळतं. लेफ्ट शिफ्ट पाहताना बँडचा एक आकडा किती आहे यापेक्षा हा क्रम अखंड आहे का, याकडे मी जास्त लक्ष देतो. तो तुटलेला असेल तर गोष्ट वेगळीच असते, आणि लेखाच्या उत्तरार्धात आपण तिथेच पोचणार आहोत. इओसिनोफिल रक्तातून जवळजवळ नाहीसे होणं हीदेखील तीव्र संसर्गाची जुनी खूण आहे. काकांच्या काचेवर तीही जुळते.

तीन दिवस अँटिबायोटिक झाल्यावर हिमोग्राम पुन्हा केला आणि पांढऱ्या पेशी १३,००० वर, बँड पाचवर आले, तर उपचार लागू पडतोय असं समजायला हरकत नाही. पण आकडे उलट दिशेनेही जाऊ शकतात, आणि ते फार महत्त्वाचं आहे. समजा पुढच्या काचेवर एकूण पेशी ३,२०० वर आल्या आणि त्यात बँड ३०, परिपक्व फक्त २२. घरचे म्हणतील, पेशी बावीस हजारांवरून खाली आल्या, संसर्ग उतरला. खरं तर मॅरोचा साठा संपत आला आहे आणि कच्च्या पेशी परिपक्व पेशींपेक्षा जास्त झाल्या आहेत. असा रिपोर्ट मी नुसता पाठवून देत नाही, डॉक्टरांना फोन करतो. एकूण आकडा सुधारल्यासारखा दिसत असताना रुग्ण आयसीयूच्या दिशेने चाललेला असू शकतो.

लेफ्ट शिफ्ट म्हणजे दर वेळी जंतुसंसर्गच असं नाही. मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, हार्ट अटॅक, जोराचा रक्तस्राव यांतही मॅरोला घाई होते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणाच्या वेळी, सौम्य लेफ्ट शिफ्ट नेहमीचीच आहे. केमोथेरपीनंतर पेशी वाढवायला जीसीएसएफची इंजेक्शनं देतात, त्यानंतर तर फार ठळक लेफ्ट शिफ्ट दिसते. म्हणून ते इंजेक्शन सुरू असेल तर लॅबला सांगायला विसरू नका. स्टिरॉइडने पांढऱ्या पेशी वाढतात खऱ्या, पण ती वाढ मुख्यतः रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून बसलेल्या परिपक्व पेशी सुटून प्रवाहात आल्यामुळे होते. तिथे लेफ्ट शिफ्ट सहसा किरकोळच असते.

बँड मोजण्याबद्दल एक प्रांजळ गोष्ट सांगायला हवी. केंद्रकाची पट्टी कुठे संपते आणि तुकडे कुठे सुरू होतात, यावर दोन अनुभवी माणसांचंही एकाच काचेवर एकमत होत नाही. एकाला १२ बँड दिसतात, दुसऱ्याला ७. त्यामुळे आज नऊ आणि काल सात होते म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. मशीनच्या रिपोर्टवर ‘आयजी’ म्हणून जी टक्केवारी येते, तीत मेटामायलोसाइट, मायलोसाइट आणि प्रोमायलोसाइट धरलेले असतात, बँड नसतात. म्हणून ती संख्या आणि काचेवरचे बँड यांची तुलना करू नये.

टॉक्सिक ग्रॅन्युलेशन: त्याच घाईची दुसरी खूण

काकांच्या काचेकडे परत जाऊ. परिपक्व न्यूट्रोफिलांच्या द्रवाच्या भागात एरवी जेमतेम जाणवणारे फिकट दाणे असतात. इथे त्यांच्या जागी गडद, निळसर-जांभळे, जाडसर दाणे विखुरलेले दिसतात. हेच टॉक्सिक ग्रॅन्युलेशन. प्रोमायलोसाइटमधले ते ठसठशीत प्राथमिक दाणे आठवा. एरवी पेशी परिपक्व होता होता ते फिके पडतात. पेशी घाईघाईत वाढली तर त्यांची रंग धरण्याची ताकद तशीच राहते आणि परिपक्व पेशीतही ते ठळक दिसतात. केंद्रकाने तुकडे केले, पण दाण्यांवर लहानपण राहून गेलं.

रिपोर्टवर हा शब्द वाचून रक्तात विष झालं का, असं मला अनेकांनी विचारलं आहे. तसं काही नसतं. दाणे पेशीचे स्वतःचेच असतात, बाहेरून काही आलेलं नसतं.

याच पेशींमध्ये आणखी दोन गोष्टी शोधतो. एक, द्रवाच्या कडेला फिकट निळसर डाग, ज्यांना डोहले बॉडी म्हणतात. पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रणा पूर्ण आवरली गेली नाही की तिचा तुकडा असा उरतो. दुसरी गोष्ट म्हणजे रिकामी, स्वच्छ भोकं, व्हॅक्युओल. गडद दाणे, निळे डाग आणि व्हॅक्युओल हे तिन्ही एकत्र असतील, सोबत लेफ्ट शिफ्ट असेल आणि रुग्णाला ताप असेल, तर जंतूंमुळे झालेल्या गंभीर संसर्गाची शक्यता बळावते. नुसते थोडेसे गडद दाणे दिसले तर मी एवढं वजन देत नाही. गरोदरपणात ते असू शकतात, जीसीएसएफनंतर हमखास असतात.

यात फसवणारं खूप असतं. आपल्याकडे बहुतेक लॅबमध्ये काच लीशमन रंगाने रंगवतात. आधी सुमारे दोन मिनिटं नुसता रंग, मग त्यावर दुप्पट बफरचं पाणी, आणि आणखी सात ते दहा मिनिटं. बफरचा पीएच ६.८ च्या आसपास लागतो. तो बिघडला किंवा काच रंगात जास्त वेळ राहिली, तर कुणाच्याही न्यूट्रोफिलांत गडद दाणे दिसू लागतात. ओळखायचं कसं? त्याच ट्रेमध्ये रंगवलेल्या इतर रुग्णांच्या काचा पाहायच्या. सगळ्यांच्याच पेशी एकसारख्या गडद असतील तर दोष रंगाचा आहे. खऱ्या टॉक्सिक ग्रॅन्युलेशनमध्ये एकाच काचेवर काही न्यूट्रोफिल भरगच्च, काही मध्यम आणि काही जवळजवळ नेहमीसारखे असतात.

व्हॅक्युओलचीही अशीच गत आहे. चाकणच्या किंवा मांजरीच्या कलेक्शन सेंटरमध्ये सकाळी आठला घेतलेलं रक्त वाहतुकीतून वाट काढत दुपारी मुख्य लॅबमध्ये पोचतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. त्यात काही तास राहिलेल्या न्यूट्रोफिलांत आपोआप भोकं पडतात, केंद्रकं फुगतात. म्हणून शक्य असेल तिथे काच सेंटरवरच, रक्त घेतल्याबरोबर पसरवून पाठवावी. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याशिवाय दुपारच्या काचेवरच्या व्हॅक्युओलवर मी विश्वास ठेवू शकत नाही.

आऊअर रॉड: घाई नव्हे, अडथळा

आता वेगळी काच घेऊ. समजा कात्रजची चोवीस वर्षांची मुलगी आहे. जुलै महिना. आठवडाभर अंगात कणकण, दात घासताना हिरड्यांतून रक्त, मांड्यांवर न आपटता आलेले निळे डाग. हिमोग्राममध्ये हिमोग्लोबिन ७.८, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं शेकडा प्रमाण, २३, पांढऱ्या पेशी १,९००, प्लेटलेट १८,०००.

पांढऱ्या पेशी कमी आणि प्लेटलेट कमी, म्हटल्यावर या मोसमात पहिला विचार डेंगीचाच येणार. पण एक आकडा डेंगीशी जुळत नाही. डेंगीत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि रक्त दाट होतं, त्यामुळे हिमॅटोक्रिट चढण्याकडे कल असतो. या मुलीचं हिमोग्लोबिन आधीपासूनच फार कमी नसेल आणि जोराचा रक्तस्रावही झाला नसेल, तर २३ कसा? लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट या तिन्ही एकदम घटल्या आहेत, म्हणजे त्या जिथे बनतात तिथेच काहीतरी झालं असावं. डेंगीच्या काचेवर मोठे, निळसर, फोफावलेले लिम्फोसाइट दिसतात. ते इथे सापडत नाहीत.

अशी काच पाहायला वेळ लागतो. पांढऱ्या पेशी १,९०० च असल्या की एकेका दृश्यात मुश्किलीने एखादी पेशी येते. शिवाय मोठ्या पेशी काच पसरताना शेपटीकडे आणि दोन्ही कडांकडे ओढल्या जातात. मधला सुंदर पातळ भागच पाहून काच बाजूला ठेवली, तर नेमक्या हव्या त्या पेशी सुटतात. मशीनने ‘ब्लास्ट असू शकतात’ असा इशारा दिलेला असो वा नसो, तिन्ही पेशी कमी असलेली काच मी शेपटीपर्यंत पाहतो.

शंभर पेशी मोजल्या: लिम्फोसाइट ५२, परिपक्व न्यूट्रोफिल २०, मोनोसाइट २, ब्लास्ट ४, आणि उरलेल्या २२ विचित्र प्रोमायलोसाइट. मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड शून्य. काकांच्या क्रमाशी ताडून पाहा. तिथे कच्च्या पेशी वरून खाली हळूहळू घटत गेल्या होत्या. इथे एका टोकाला अगदी कच्च्या पेशी आहेत, दुसऱ्या टोकाला थोडे परिपक्व न्यूट्रोफिल, आणि मधले टप्पे गायब. म्हणजे पेशी एका टप्प्यावर अडकल्या आहेत, पुढे सरकतच नाहीत. असा तुटलेला क्रम तीव्र ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात दिसतो.

आता त्या बावीस पेशी शंभर पटीच्या ऑइल लेन्सखाली पाहू. केंद्रक मधोमध चिमटल्यासारखं, दोन पाळ्यांचं. भोवती गडद दाण्यांची इतकी गर्दी की काही ठिकाणी केंद्रकाची कडही दिसत नाही. आणि काही पेशींत लालसर-जांभळ्या, सुईसारख्या सरळ काड्या. याच त्या आऊअर रॉड. १९०६ मध्ये जॉन आऊअर यांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. त्या बनतात कशापासून? त्याच प्राथमिक दाण्यांपासून. ल्युकेमियाच्या पेशीत हे दाणे नीट वेगळे राहत नाहीत, एकमेकांत मिसळून त्यांची काडी तयार होते. मायलोपेरॉक्सिडेजची चाचणी केली तर ती काडी रंगते, कारण आत तेच एन्झाइम ठासून भरलेलं असतं.

जंतुसंसर्ग कितीही भयंकर असो, त्यात आऊअर रॉड बनत नाही. डेंगीत नाही, टायफॉइडमध्ये नाही, गरोदरपणात नाही, जीसीएसएफच्या इंजेक्शनानेही नाही. लिम्फोसाइटच्या जातीच्या ल्युकेमियातही नाही. कच्च्या पेशीत खरा आऊअर रॉड दिसला, तर तो मायलॉइड जातीचा रक्ताचा कर्करोगच असतो: बहुतेकदा एएमएल, म्हणजे तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, आणि कधी एमडीएस या मॅरोत सदोष पेशी बनण्याच्या आजाराचा धोकादायक प्रकार. एमडीएसमध्ये ब्लास्टची संख्या कमी असली, तरी एक खरा रॉड सापडला की रुग्णाला वरच्या धोक्याच्या गटात टाकतात. रक्ताच्या काचेवर इतकं ठाम सांगणाऱ्या खुणा फार थोड्या आहेत.

म्हणूनच खात्री करायला हवी. रंगाचे कण काचेवर पडतात आणि पेशीवर पडले तर काडीसारखे भासू शकतात. फाइन फोकस हळूहळू फिरवला की कळतं. कण पेशीच्या वरच्या पातळीत असतात, पेशी स्पष्ट झाली की ते धूसर होतात, आणि पेशींबाहेरच्या मोकळ्या जागेतही तसेच सापडतात. खरी काडी पेशीच्या आत, केंद्रकाबरोबरच स्पष्ट होते आणि बाहेर कुठेच नसते.

या मुलीच्या काचेवर आणखी एक गोष्ट आहे. दोन-तीन पेशींत एकच काडी नाही, काड्यांचा जुडगा आहे, एकमेकींवर आडव्या-तिडव्या पडलेल्या. असे जुडगे दिसले की एएमएलच्या एका खास प्रकाराकडे बोट जातं: अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात एपीएल. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन पीएमएल-रारा नावाचा जोडजनुक तयार होतो, आणि तो पेशीला प्रोमायलोसाइटच्या टप्प्यावर अडकवून ठेवतो.

एपीएलमध्ये पहिल्या काही दिवसांतला मोठा धोका रक्तस्रावाचा असतो. या पेशींतून रक्त गोठवण्याची यंत्रणा बिघडवणारे पदार्थ सुटतात. गोठायला लागणारं फायब्रिनोजेन संपत जातं आणि गाठी विरघळवणारी क्रियाही बेफाम होते. प्लेटलेट १८,००० असलेल्या डेंगीच्या रुग्णाला बहुतेक वेळा प्लेटलेट न चढवताही निभावतं. एपीएलमध्ये त्याच आकड्यावर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती खरी असते. म्हणून असा स्मिअर पाहिल्यावर रिपोर्ट टाइप होण्याची वाट पाहायची नसते. डॉक्टरांना लगेच फोन, आणि रुग्णाला त्याच दिवशी रक्तविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात भरती. पीटी, फायब्रिनोजेन आणि डी-डायमर या रक्त गोठण्याच्या चाचण्या लगेच. दंडात किंवा कुल्ल्यावर इंजेक्शन नाही. तापासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नाही. अशा वेळी घरच्यांनी ‘उद्या सकाळी बघू’ म्हणू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

औषधही आहे आणि ते उत्तम आहे. ऑल-ट्रान्स रेटिनोइक अ‍ॅसिड, सगळे ‘आट्रा’ म्हणतात. हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, कॅप्सूलमधून देतात. शांघायच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात ते एपीएलमध्ये वापरून दाखवलं. ते पेशींना मारण्याऐवजी अडकलेल्या प्रोमायलोसाइटना पुढे परिपक्व व्हायला लावतं. पुढे त्याच्या जोडीला आर्सेनिक ट्रायऑक्साइड आलं. पांढऱ्या पेशी १०,००० च्या आत असलेल्या रुग्णांत या जोडीने दहापैकी नऊपेक्षा जास्त बरे होतात. अट एकच, पहिले दिवस रक्तस्रावातून निभावले पाहिजेत. त्यामुळे पीएमएल-राराचा अहवाल यायच्या आधी, नुसत्या काचेवरच्या संशयावरूनच, आट्रा सुरू करतात. अहवाल नकारात्मक आला तर ते थांबवता येतं, दोन-तीन दिवसांच्या कॅप्सूलने सहसा फारसं बिघडत नाही. पण ते दिवस गमावले तर मागे येत नाहीत.

रॉड दिसला नाही म्हणून ल्युकेमिया नाही, असं मात्र समजू नये. एएमएलच्या बऱ्याच रुग्णांत ते कितीही शोधले तरी सापडत नाहीत. एपीएलचाही एक प्रकार आहे ज्यात दाणे इतके सूक्ष्म असतात की पेशी साध्या मायक्रोस्कोपखाली जवळजवळ स्वच्छ दिसतात. तिथे पांढऱ्या पेशी सहसा कमी नसून भरपूर वाढलेल्या असतात आणि पटकन पाहणाऱ्याला त्या मोनोसाइट वाटतात. दोन पाळ्यांचं, चिमटलेलं केंद्रक हीच तिथली वाट दाखवणारी खूण. अशी काच दिसली की पेशींची जात ओळखणारी फ्लो सायटोमेट्री आणि पीएमएल-राराची चाचणी लगेच लावावी लागते.

कात्रजच्या त्या मुलीला त्याच रात्री आट्रा सुरू झालं असं धरू. फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट भरून काढत पहिला आठवडा पार पडला. आता तिच्या काचेवर मधले टप्पे दिसू लागतील: मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड. क्वचित एखाद्या परिपक्व, तुकडे पडलेल्या न्यूट्रोफिलातही आऊअर रॉड सापडेल. तो पाहून औषध लागू पडत नाही असा अर्थ काढायचा नाही. ती पेशी मूळची ल्युकेमियाचीच, औषधाने पुढे सरकून परिपक्व झालेली आहे, आणि जुनी काडी अजून तिच्या पोटात आहे. आजार खरोखर गेला का, हे पुढे मॅरोच्या नमुन्यावर पीएमएल-राराची पीसीआर चाचणी करून ठरवतात. ती चाचणी फार लवकर केली तर सकारात्मकच येते, म्हणून उपचारांचे ठरलेले टप्पे पूर्ण होईपर्यंत थांबतात.